धडगावच्या बाजारात मोराचा साबण

प्रश्न: सर, एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ या विषयात ग्रामीण मार्केटिंगच्या अडचणींवर असाइनमेंट आहे. कमी साक्षरता, वितरणाची पोहोच आणि माध्यमांच्या सवयी असे तीन मुद्दे दिलेत. उदाहरण खानदेशातलंच घ्यायचंय, मी शहाद्याकडचा आहे. जिथे बघावं तिथे प्रोजेक्ट शक्ती आणि ई-चौपाल, याच कंपन्यांच्या ग्रामीण योजना. आपल्याकडे प्रत्यक्षात काय अडतं?

उत्तर:

भाऊ, शहाद्याचा आहेस तर लांब जाऊच नकोस. म्हसावदवरून घाट चढ आणि धडगावच्या बाजारात दोन आठवडे उभा राहा. मी जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात बावीस वर्षं साबण, तेल आणि चहापत्ती विकली. त्यातली सात वर्षं सातपुड्याच्या रस्त्यांवर गेली. जे शिकलो ते बहुतेक एका साबणामुळे, आणि तोही आमच्या हातून आपटला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, वेष्टनावर मोर होता एवढं पुरे.

आधी साक्षरतेचं. तुझ्या असाइनमेंटमध्ये २०११ च्या जनगणनेचा आकडा येणारच: राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर, जळगावची ७८ च्या आसपास, धुळ्याची ७३ च्या जवळ, नंदुरबारची ६४ च्या थोडी वर. आकडे बरोबर आहेत, पण जिल्ह्याची सरासरी घेऊन थांबू नकोस. शहादा आणि धडगावचा अक्राणी तालुका एकाच जिल्ह्यात असले तरी मधे घाट आहे. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत तालुकावार आणि बायकांचा वेगळा आकडा मिळतो, तो घे. दुसरं असं की सात वर्षांवरच्या माणसाला कुठलीही एक भाषा समजून लिहिता-वाचता आली की जनगणना त्याला साक्षर धरते. धडगावच्या पोराने शाळेत मराठी वाचायला शिकलेलं असतं, घरी तो पावरी नाही तर भिली बोलतो. तो साक्षर आहे. तरी आपली जाहिरात त्याला परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसारखी वाटते.

आणि वाचता येत नाही म्हणजे हिशोब येत नाही, असं चुकूनही लिहू नकोस. बाजारात आमचूर विकायला आलेली बाई व्यापाऱ्याच्या काट्याकडे ज्या नजरेनं बघते ती एकदा बघून ये. नोटा ती रंगावरून ओळखते. २०१६ नंतर नोटांचे रंग बदलत गेले तेव्हा महिना-दोन महिने बाजारात नोटा उलटसुलट करून बघणं चाललं होतं, मग सगळं बसलं. साबणही ती तशीच ओळखते. आमच्या साबणाचं नाव तिकडे कुणी घेत नसे. ‘मोराचा’ म्हणायचे. खाली शिंदखेड्याकडे अहिराणीत ‘मोरना साबण’. दुकानदार वहीतसुद्धा तेच लिहायचा. लाल कागद, मधोमध हिरवा-निळा मोर, किंमत दहाची एक नोट. त्या बाईच्या लेखी साबणाची ओळख म्हणजे एवढंच.

एका पावसाळ्यात मुख्य कार्यालयाने वेष्टन बदललं. लाल जाऊन पांढरट निळा आला, मोर आक्रसून कोपऱ्यात गेला, आणि मधे मोठ्या अक्षरांत ‘नवा, अधिक फेसाळ’. शहरातल्या गिऱ्हाइकांना दाखवून, मतं घेऊन केलेला बदल होता, आणि जळगावात तो चाललाही.

डोंगरात काय झालं ते आम्हाला तीन महिने कळलंच नाही. का, ते नीट बघ, कारण बहुतेक असाइनमेंट इथेच घसरतात. कंपनी विक्री मोजते ती स्टॉकिस्टला, म्हणजे तिचा माल साठवून पुढे दुकानांना देणाऱ्या व्यापाऱ्याला, माल गेला तेव्हा. शहाद्याच्या स्टॉकिस्टने सणाआधी नेहमीएवढा माल उचलला, तेव्हा आमच्या तक्त्यात सगळं हिरवंगार. तो माल त्याच्या गोदामातून धडगावला गेला, तिथल्या घाऊक दुकानात बसला आणि तिथून पाड्यावरच्या टपऱ्यांत गेलाच नाही. दिवाळीत स्टॉकिस्टने ऑर्डर निम्म्यावर आणली तेव्हा आम्ही जागे झालो.

मी वर गेलो आणि पहिल्यांदा दुकानं नाही, कचरा बघितला. ही युक्ती एका जुन्या सेल्समनने शिकवलेली. पाड्यावर कपडे धुतात त्या ओढ्याकाठी साबणाचे कागद पडलेले असतात. शंभर कागद गोळा करून रंगाप्रमाणे ढीग लावले की बाजारातला वाटा समोर येतो, कुणाला प्रश्न विचारावा लागत नाही. आमच्या निळ्या कागदाचा ढीग अगदीच लहान होता. मोठा ढीग लाल कागदांचा. त्यावर मधोमध मोर नाही, पोपट. शेपूट मात्र मोरासारखी लांब. नक्कल करणाऱ्याने आमचं नाव चोरलं नव्हतं, कारण त्या नावाला तिथे किंमतच नव्हती. त्याने रंग उचलला, आणि आम्ही तो आपणहून सोडला होता. पाड्यावरच्या दुकानदाराला त्या वडीमागे आमच्यापेक्षा आठ आणे जास्त सुटत होते. गिऱ्हाईक लालच मागतंय म्हटल्यावर त्याने लाल दिलं, त्यात त्याचं काही चुकलं नाही.

पुढच्या वर्षी डोंगरासाठी जुना लाल कागद परत आणला. निम्मं गिऱ्हाईक परत आलं. उरलेलं पोपटाकडेच राहिलं, कारण तोवर पोपटाने कपडे धुऊन दाखवले होते. तेव्हा तुझ्या लेखनात अल्पसाक्षर गिऱ्हाईक ‘ब्रँड ओळखत नाही’ असं येऊ देऊ नकोस. ते खुणेवरून ब्रँड ओळखतं, आणि ती खूण कंपनीच्या हातात असते.

आता पोहोच. इथे सगळे ‘रस्ते खराब, खर्च जास्त’ लिहून मोकळे होतात. खर्च कुठे जातो ते मांड, म्हणजे प्रश्न वेगळाच दिसेल. मी आमच्या वेळचे गोल आकडे देतो, तू आजचे भर.

शहाद्याहून छोटा टेम्पो धडगाव परिसरात जाऊन येतो, शंभर-सव्वाशे किलोमीटर. घाटात डिझेल जास्त लागतं. डिझेल, ड्रायव्हर, सेल्समन आणि गाडीचा हप्ता मिळून दिवसाला २,५०० रुपये धर. स्टॉकिस्टला मालावर ६ टक्के सुटतात. डोंगरातलं ‘गाव’ म्हणजे चार-सहा पाडे, एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटर, मधे ओढे. टेम्पो पाड्यापाड्याने फिरवला तर दिवसभरात बारा दुकानं होतात. दुकानं म्हणजे घराच्या पडवीत लाकडी फळी आणि वर लटकवलेल्या पुड्यांच्या लडी. सरासरी बिल ६०० रुपये. बारा दुकानांचे झाले ७,२०० आणि ६ टक्क्यांनी ४३२ रुपये. म्हणजे दिवसाला दोन हजारांचा खड्डा. खर्च भरून यायला ४१,६६७ रुपयांचा माल जायला हवा, आणि पाड्यांवर फिरून तेवढा जाणं शक्य नाही.

तेव्हा गाडी बाजाराच्या दिवशी थेट धडगावच्या घाऊक दुकानावर लावायची, पाडे सोडून द्यायचे. त्या दिवशी पाड्यांवरचे दुकानदार जीपने स्वतःच येतात, आठवड्याचा माल पाठीवर, डोक्यावर नेतात. आमच्या साबण-तेलाचा तिथे आठवड्याला ४०,००० चा खप होता. पण घाऊक दुकानदाराला त्याचा वाटा द्यावा लागतो. आम्ही अडीच टक्के दिले, स्टॉकिस्टकडे साडेतीन उरले. साडेतीन टक्क्यांवर खर्च भरून यायला एका फेरीत सुमारे ७१,००० चा माल हवा. म्हणून फेरी पंधरा दिवसांनी केली. ८०,००० वर २,८०० सुटले, खर्च २,५००. तीनशे रुपये शिल्लक. मोलगीकडे हेच गणित देवगोई घाटाने आणखी घट्ट होतं, आणि नर्मदेकाठच्या, बोटीनेच जाता येतं अशा गावांसाठी ते मांडूच नकोस. तिथे कुठलीच कंपनी थेट जात नाही, माल माणसाबरोबर जातो.

इथपर्यंत पुस्तकातही सापडेल. खरी गंमत त्या अडीच टक्क्यांत आहे.

आमच्या साहेबांना घाऊक दुकान चालवायला एक तरुण, पदवीधर, संगणकावर बिलं काढणारा मुलगा पसंत पडला. मलाही पडला होता, खोटं कशाला बोलू. महिन्याला १,६०,००० चा माल, अडीच टक्क्यांनी त्याचे ४,००० रुपये. पण पाड्यावरचा दुकानदार निम्मा माल उधारीवर नेतो, कारण त्याचं गिऱ्हाईकही उधारीवर नेतं. आठवड्याला २०,००० उधार, आणि वसुलीला दोन महिने. म्हणजे कायम १,६०,००० बाहेर अडकलेले. शिवाय दुकानात पंधरा दिवसांचा ८०,००० चा माल. मिळून २,४०,००० रुपये गुंतले. त्याने ते शेकडा दोन रुपये महिना व्याजाने आणले होते. महिन्याचं व्याज झालं ४,८००. कमाई ४,०००. जागेचं भाडं नाही, हमाली नाही, बुडीत नाही, तरी महिन्याला आठशेने मागे. दुसऱ्या वर्षी त्याने शटर ओढलं. पोरगा मेहनती होता, चूक आमची होती.

त्याच्यानंतर आलेला म्हातारा व्यापारी टिकला. त्याच्याकडे संगणक नव्हता, लाल कापडी बांधणीची वही होती. पण तो उन्हाळ्यात आमचूर घ्यायचा, मोहाची फुलं घ्यायचा, चारोळी घ्यायचा. उधारी रोख नाही आली तरी मालाच्या रूपाने यायची, आणि त्या मालावर त्याला वेगळा नफा होता. साबण त्याच्यासाठी गिऱ्हाईक बांधून ठेवायची दोरी होती. हा व्यवहार गिऱ्हाइकाच्या नेहमीच भल्याचा असतो असं मी म्हणणार नाही. उधारीत अडकलेली बाई आमचूर दुसऱ्या व्यापाऱ्याला जास्त भावाने विकायला मोकळी राहत नाही, आणि आमचं वितरण त्या दोरीवरच लटकलेलं होतं. असाइनमेंटमध्ये हे लिहिलंस तर परीक्षक कदाचित भुवया उंचावतील. लिही तरी.

प्रोजेक्ट शक्तीचं इथे एक-दोन वाक्यांत येऊ दे. हिंदुस्तान लिव्हरने २००० च्या सुमारास तेव्हाच्या आंध्रच्या, आता तेलंगणातल्या, नलगोंडा जिल्ह्यात बचत गटातल्या बायकांना माल देऊन ती सुरू केली. घरं एकमेकांना चिकटून असलेल्या सपाट गावात बाई पिशवी घेऊन तासाभरात चाळीस उंबरे करू शकते. आपल्या पाड्यांवर तासाभरात चार होतील, तेही टेकडी चढून. तिथे ती योजना बसत नाही याला बाईची साक्षरता नाही, घरांमधलं अंतर कारण आहे.

छापील किमतीचंही इथेच सांगतो. पाड्यावर दहाची वडी बाराला विकली जाते. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा कायद्याने गुन्हा आहे. बाहेरून आलेला माणूस लगेच म्हणतो, वाचता येत नाही म्हणून फसवतात. मी एका म्हाताऱ्या बाईला विचारलं. तिला दहा छापलेत हे पक्कं ठाऊक होतं. ती म्हणाली, धडगावला जायला जीपवाला जाऊन-येऊन साठ घेतो, तू माझ्यासाठी आणून देतोस का दहाला? मी गप्प बसलो. तेव्हा कुठलाही दोष साक्षरतेच्या खात्यात टाकण्याआधी जीपचं भाडं विचारून घे.

माध्यमांवर मी कमी बोलणार आहे, कारण तिथे आमचे पैसे बरेच वाया गेले आणि शिकायला थोडंच मिळालं. पुण्याच्या एजन्सीने बाजारात गाडी फिरवली, वर भोंगा, आत ध्वनिमुद्रित मराठी जाहिरात, मधे ढोलकी. लोक ढोलकी ऐकून जमायचे आणि निवेदन सुरू झालं की पांगायचे. शेवटी धडगावच्याच एका पोराला माइक दिला. तो पावरीत बोलायचा, मधेच ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारून साबणाऐवजी त्याच्या बैलाचीच चौकशी करायचा. गर्दी टिकली. धुऊन दाखवायलाही आधी टँकरचं पाणी वापरलं तर बायका म्हणाल्या, हे पाणी आमचं नाही. बरोबर होतं. पाण्यात क्षार जास्त असले की साबणाचा फेस कमी होतो, त्यामुळे दुसऱ्याच्या पाण्यात आलेला फेस त्यांच्या उपयोगाचा नव्हता. मग त्यांच्याच ओढ्याच्या हंड्यातलं पाणी घेतलं. फेस थोडा कमी आला, पण तो त्यांना पटला.

वर्तमानपत्र वरच्या पाड्यांवर पोहोचतच नव्हतं. भिंती रंगवल्या, त्यावर चित्र मोठं आणि अक्षर नाहीच, हे त्यातल्या त्यात बरं चाललं. पोरं तेव्हा मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपये देऊन मेमरी कार्डात गाणी भरून न्यायची. आज ती जागा यूट्यूबने घेतली, अहिराणी गाण्यांचा केवढा खप आहे तुला माहीत असेलच. पण वरच्या पाड्यांवर रेंज कुठल्या टेकडीवर येते ते विचारल्याशिवाय ‘डिजिटल पोहोच’ हा शब्द लिहू नकोस. शिवाय फोन बहुतेकदा घरातल्या पोराच्या खिशात असतो आणि साबण विकत घेते ती त्याची आई.

एक माध्यम मात्र आम्ही कुठल्याच आराखड्यात धरलं नव्हतं, आणि तेच सगळ्यात ताकदीचं निघालं. दिवाळीनंतर डोंगरातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, बारडोलीच्या बाजूला. जाताना मुकादमाकडून उचल घेतात. चार-पाच महिने तिथल्या दुकानातून साबण, चहा, तेल घेतात. होळीच्या सुमाराला परततात तेव्हा हातात पैसे असतात आणि तोंडात तिथली चव. त्या पोपटाच्या साबणाचा कागद मी नीट पाहिला तर अक्षरं गुजराती होती. धडगावात ती वाचू शकणारा माणूस शोधावा लागला असता. तो साबण जाहिरात करून वर आला नव्हता, परतणाऱ्या माणसांच्या बोचक्यांतून आला होता. धडगावच्या व्यापाऱ्याने मागणी बघून नंतर मागवला.

यावरून दोन गोष्टी ठरतात. आमची सगळ्यात मोठी जाहिरात मोहीम डिसेंबर-जानेवारीत असायची, कारण कंपनीचं बजेट मार्चपूर्वी संपवायचं असतं. त्या वेळी निम्मे पाडे कुलूपबंद असायचे. पैसा फिरतो तो दोनदा, उचल मिळाल्यावर दिवाळीच्या आगेमागे, आणि होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्याच्या बाजारांत. त्या आठवड्यात घाऊक दुकानात माल कमी पडला की वर्षाचं गणित गेलं. आणि दुसरं, गिऱ्हाईक वर्षातून काही महिने दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या स्टॉकिस्टच्या हद्दीत असतं. आम्ही बारडोलीकडच्या दुकानांत मोर ठेवायचा म्हटलं तर ते गुजरात शाखेच्या अखत्यारीत येत होतं, आणि तिथल्या साहेबाला धडगावच्या विक्रीचं काही पडलेलं नव्हतं. तो प्रस्ताव दोनदा पाठवला, दोनदा परत आला.

तुला वेळ कमी असणार, म्हणून प्रत्यक्ष काम एवढंच कर. लागोपाठच्या दोन बाजारांना जा. घाऊक दुकानाच्या बाजूला उभा राहून पाड्यावरचे वीस दुकानदार मोज, कोण रोख देतो, कोण वहीत लिहवतो, कुठून आले, जीपला किती दिले. मग त्यातल्या एकाबरोबर त्याच्या पाड्यावर जा, रात्री राहा, सकाळी ओढ्यावर कागद गोळा कर. बायकांना ब्रँडचं नाव विचारू नकोस. पाच-सहा कागद पुढे ठेव आणि यातला तुमचा कुठला ते विचार, आणि मग तोच कागद काळा-पांढरा छापलेला दाखव. रंग काढल्यावर किती जणी चुकतात ते टिपून ठेव. पावसाळ्यात जाणार असशील तर तळोद्याकडून चांदसैली घाटाने जाऊ नकोस, दरड आली की दिवस जातो. म्हसावदवरूनच जा, आणि परतीची जीप सकाळीच ठरवून ठेव. बाजार उठल्यावर टपावरही जागा मिळत नाही.